मोकळ्या कॅमेऱ्याची कुळकथा

गेममधला एखादा देखणा स्क्रीनशॉट नीट पाहिला तर लक्षात येतं, की तो टिपणाऱ्याने तीन गोष्टी आपल्या ताब्यात घेतल्या आहेत. कॅमेरा नायकाच्या पाठीमागून सोडवला आहे, दृष्टीचा कोन बदलला आहे आणि काळ थांबवला आहे. या तिन्ही करामतींचं कूळ शोधत गेलं, की आपण जून १९९६ मध्ये बाहेर पडलेल्या ‘क्वेक’पाशी पोचतो. टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअरने केलेल्या या गेममध्ये एक कन्सोल होता. ठरावीक कळ दाबली की वरून एक पडदा उतरायचा आणि त्यावर थेट हुकूम टाइप करता यायचे. गेम बनवणाऱ्यांना चाचणीसाठी लागणारी ही अवजारं त्यांनी खेळणाऱ्यांच्याही हाती तशीच राहू दिली.

भिंतीतून आरपार जायची युक्ती त्याच्याही आधीची. १९९३ च्या ‘डूम’मध्ये खेळता खेळता `idspispopd` ही अक्षरं टाइप केली की भिंती अडवेनाशा होत. पण तिथे पाय जमिनीला चिकटलेलेच राहायचे. ‘क्वेक’च्या `noclip`ने ती अडचण संपवली, कारण त्याचं जग खरोखर त्रिमितीय होतं. खेळाडू हवेत तरंगू लागला आणि कॅमेरा हवा तिथे नेता येऊ लागला. फोटोसाठी लागणारी सगळी तयारी कन्सोलवर एवढीच:

```
god
notarget
noclip
r_drawviewmodel 0
viewsize 120
fov 30
bind F12 screenshot
```

पहिल्या ओळीने मरण टळतं, दुसरीने राक्षस आपल्याकडे दुर्लक्ष करतात. चौथीने हातातली बंदूक जाते, पाचवीने खालची आकड्यांची पट्टी जाते. शेवटच्या ओळीमुळे कन्सोलचा पडदा वर सारून F12 दाबलं की `quake00.pcx` अशा नावाची फाईल गेमच्या फोल्डरमध्ये पडते. एक अट त्या काळापासूनच होती: एकमेकांविरुद्धचा सामना चालू असेल तर सर्व्हर `noclip` मानत नसे. भिंतीपलीकडे पाहणं एकट्याच्या खेळात हौस असते, समोर माणूस असला की ती लबाडी ठरते. आजचे कॅमेऱ्याचे मॉडसुद्धा म्हणूनच एकट्याने खेळायच्या गेमपुरतेच वापरावेत. ऑनलाइन गेमचा फसवणूक पकडणारा पहारा असल्या मॉडला चीटच समजतो आणि खातं बंद होऊ शकतं.

आता वरच्या यादीतली सहावी ओळ, `fov`. ‘क्वेक’मध्ये हा कोन मुळात ९० अंशांचा असतो आणि तो १० ते १७० पर्यंत बदलता येतो. पुष्कळ जण कोन कमी करणं म्हणजे निव्वळ झूम समजतात आणि मग चेहऱ्याचे फोटो विचित्र का येतात या कोड्यात पडतात. ९० अंशांवर एखाद्याचा चेहरा चौकटभर हवा असेल तर कॅमेरा त्याच्या अगदी नाकाशी न्यावा लागतो. नाक जवळ, कान लांब, म्हणून नाक फुगतं आणि कान मागे पळतात. हा दोष कोनाचा नाही, अंतराचा आहे. कोन ३० अंश केला आणि चेहरा चौकटीत तेवढाच मोठा ठेवायचा, तर मागे किती सरकावं लागेल? अंतर हे अर्ध्या कोनाच्या टॅन्जंटच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. ४५ अंशांचा टॅन्जंट १, तर १५ अंशांचा ०.२६८. म्हणजे कॅमेरा आधीच्या ३.७३ पट अंतरावर जायला हवा. तिथून नाक आणि कान यांच्या अंतरातला फरक एकूण अंतराच्या मानाने लहान होतो आणि चेहरा माणसासारखा दिसतो.

पण गेममधल्या खोल्या तुरुंगाच्या कोठडीएवढ्या असतात. एवढं मागे जायचं तर पाठीशी भिंत येते. मोकळा कॅमेरा आणि दृष्टीचा कोन ही जोडी अशी जमली आहे. भिंतीतून मागे जाता येत नसेल तर अरुंद कोनाचा उपयोग अर्धाच. आणि बहुतेक गेममध्ये भिंतीचं चित्र फक्त खोलीच्या आतल्या बाजूनेच काढलेलं असतं, त्यामुळे भिंतीमागे गेलेल्या कॅमेऱ्याला ती भिंत आड येतच नाही. वेळ वाचवण्यासाठी प्रोग्रामरने केलेली ही काटकसर फोटो काढणाऱ्याच्या पथ्यावर पडली.

‘क्वेक’ची मर्यादा निराळ्या जागी होती. `noclip`मधला कॅमेरा म्हणजे खेळाडूचं शरीरच. त्यामुळे स्वतःभोवती मोकळेपणी फिरून फोटो काढता येत नसे. शिवाय `pause` दाबलं की जगाबरोबर खेळाडूही गोठायचा, म्हणजे कॅमेराही जागचा हलत नसे. थांबलेल्या क्षणाभोवती फिरून पाहायचं तर कॅमेरा आणि खेळाडू यांची फारकत करणं भाग होतं.

ती फारकत त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झाली. ‘रेंजर्स’ नावाच्या खेळाडूंच्या टोळीने ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ ही जेमतेम दीड-दोन मिनिटांची फिल्म प्रसिद्ध केली. तिच्यात कुणा खेळाडूच्या डोळ्यांतून दिसत नाही, कॅमेरा बाजूला उभा राहून सगळं पाहतो. युक्ती ‘क्वेक’च्या डेमो फाईलमध्ये होती. गेम खेळताना होणारं रेकॉर्डिंग हे चित्रांचं नसून सर्व्हरकडून आलेल्या निरोपांचं असतं: अमुक राक्षस इथे, तमुक रॉकेट तिथे. प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला नजर कुठे वळलेली आहे हे सांगणारे तीन आकडे असतात. ते आकडे बदला, नजरेची जागा हलवा, की तीच घटना दुसऱ्या ठिकाणाहून पुन्हा दिसते. युवे गिर्लिश यांनी या फाईलची रचना सविस्तर लिहून ठेवली आणि तिचं वाचता येईल अशा मजकुरात रूपांतर करणारं, व तो मजकूर पुन्हा फाईलमध्ये बदलणारं एलएमपीसी हे अवजारही लिहिलं. मला या कुळातला खरा मूळपुरुष हीच कल्पना वाटते: घटना एकीकडे, कॅमेरा दुसरीकडे, आणि कॅमेरा म्हणजे बदलता येणारे मूठभर आकडे.

पुढच्या वर्षांत बहुतेक गेमचे कन्सोल बंद झाले. ‘ग्रॅन टुरिझ्मो ४’ने २००४ मध्ये फोटो मोड दिला, पुढे तो रिवाजच झाला. पण कंपनीच्या फोटो मोडला दोरी बांधलेली असते. कॅमेरा नायकापासून थोड्याच अंतरापर्यंत जातो आणि कटसीन सुरू झाली की मोड बहुधा उघडतच नाही. म्हणून बाहेरच्या माणसांनी ते मूठभर आकडे मेमरीत शोधायला घेतले. रीत आजही तीच आहे. चीट एंजिनमध्ये अज्ञात दशांश संख्या शोधायला लावायची. नायकाला जिन्यावरून वर न्यायचं आणि ‘वाढलेल्या’ संख्या गाळून घ्यायच्या. खाली आणायचं, ‘घटलेल्या’ घ्यायच्या. असं काही वेळा केलं की लाखोंतून थोड्याच उरतात आणि त्यांत कॅमेऱ्याची उंची सापडते. तिथे नवा आकडा लिहिला तरी कॅमेरा क्षणार्धात परत जागेवर येतो, कारण गेम प्रत्येक फ्रेमला स्वतःचा आकडा वर लिहितो. तो लिहिणारी सूचनाच पकडून तेवढ्यापुरती गप्प करावी लागते. तेव्हा कॅमेरा खऱ्या अर्थाने सुटतो. डच प्रोग्रामर फ्रान्स बाउमा यांनी कितीतरी गेमसाठी असे कॅमेरे लिहिले आणि त्यांचा सांगाडा गिटहबवर खुला ठेवला.

एवढं करूनही तिसरी गोष्ट, काळ, उरतेच, आणि कटसीनमध्ये ती सर्वांत जास्त बोचते. ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’ नोव्हेंबर २०१४ मध्ये आला तेव्हा पीसीवर खेळताना ६० फ्रेम्स मिळायच्या आणि संवादाचा प्रसंग सुरू झाला की चित्र ३० वर अडकायचं. चेहरे जवळून दिसायची वेळ तीच आणि नेमकं तेव्हाच धक्के. यावर उपाय म्हणून गेम सुरू करताना द्यायची एक ओळ खेळाडूंना सापडली:

```
-GameTime.MaxSimFps 60 -GameTime.ForceSimRate 60.0
```

पहिला भाग गेमच्या जगाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा साठवर नेतो. दुसरा तो ठोका सेकंदाला साठवर बांधतो. इथेही कूळ जुनंच दिसतं. ‘क्वेक’मध्ये `host_framerate` नावाचा हुकूम होता, त्याने प्रत्येक फ्रेमला जग किती सेकंद पुढे सरकेल ते ठरवून देता येई. ठोका असा बांधला की एक जबाबदारी अंगावर येते. मशीन साठऐवजी ४५ च फ्रेम्स काढू शकलं, तर प्रत्येक खऱ्या सेकंदात जग पाऊण सेकंदच पुढे जातं. माणसं संथ हलतात, आवाज मात्र आपल्या गतीने जातो आणि ओठ मागे पडतात. तसं दिसलं तर ग्राफिक्सच्या सेटिंग्ज खाली आणाव्यात किंवा ती ओळ काढून टाकावी.

आधी एक खातरजमा करायला हवी, की कटसीन त्या क्षणी संगणक काढतो आहे की ती तयार व्हिडिओ फाईल आहे. आपण नायकाला चढवलेलं चिलखत, आपण घडवलेला चेहरा प्रसंगात दिसला, तर चित्र तिथल्या तिथे काढलं जातंय आणि कुलूप उघडण्यात अर्थ आहे. तयार व्हिडिओत तीसच फ्रेम्स भरलेल्या असतात, तिथे कुठलीही ओळ चालत नाही.

दुसरा त्रास जास्त चिवट. अॅनिमेटरने प्रसंग तीस फ्रेम्सच्या हिशेबाने रचलेला असतो. एका फ्रेमला कॅमेरा दाराशी, पुढच्या फ्रेमला खिडकीशी, आणि त्याच उडीत पात्रही उचलून दुसरीकडे ठेवलेलं. तीसच्या गतीला मधे काही नसतं. साठ केल्यावर दोन्हींच्या मधोमध एक नवी फ्रेम येते आणि कॅमेरा किंवा पात्र कधी कधी अर्ध्या वाटेवर तरंगताना पकडलं जातं. चालत्या चित्रात तो नुसता लखकन झटका वाटतो. खात्री करायची तर ६० फ्रेम्सवर रेकॉर्डिंग करून शॉट बदलतो ती जागा एकेक फ्रेम पुढे नेत पाहावी. दोष प्रत्येक वेळी अचूक त्याच कटवर दिसला तर तो प्रसंगाच्या रचनेतला आहे, मशीन कितीही जोरदार असलं तरी जाणार नाही. दर वेळी जागा बदलली तर मशीन दमतंय.

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘फायनल फँटसी १६’ पीसीवर आला तोही कटसीनला तीसच फ्रेम्सचं कुलूप घेऊन. लायल या नावाने काम करणाऱ्या मॉडरचा ‘एफएफएक्सव्हीआयफिक्स’ ते कुलूप काढतो. इथे सुरुवातीला द्यायची ओळ नाही. फाईल गेमच्या फोल्डरमध्ये टाकायची आणि सोबतच्या सेटिंग्जच्या फाईलमध्ये हवं ते चालू-बंद करायचं. फोटो काढणाऱ्याने कुलूप उघडूनच प्रसंग पाहावा असं मला वाटतं. तलवार उगारल्यापासून ती खाली येईपर्यंतच्या तेवढ्याच वेळात दुप्पट क्षण हाती लागतात, थांबवायला जागा दुप्पट मिळते.