भागीदारीतून बाहेर पडताना हिशेब कसा होतो?

आपल्याकडे बरेच धंदे भाऊ, मेव्हणे किंवा जुने दोस्त मिळून करतात. धंदा चालू असतो तोवर हिशेब तोंडी चालतो. एकाने "आता मला वेगळं व्हायचंय" म्हटले की मग प्रश्न येतात: मशिनरी कोणाची, दुकानाच्या नावाचे काय, आणि पैसे कधी मिळणार? याची उत्तरे भारतीय भागीदारी कायदा, 1932 मध्ये आहेत. इथे आम्ही साध्या भागीदारी फर्मबद्दल बोलत आहोत. कंपनी किंवा एलएलपीला वेगळे कायदे लागू होतात.

सगळ्यात आधी भागीदारीचे डीड काढून वाचा. बाहेर पडण्याची रीत, नोटिशीची मुदत, मालमत्तेची किंमत ठरवण्याची पद्धत आणि लवादाचे कलम त्यात असेल, तर बहुतेक बाबतीत तेच लागू होते. डीड नसेल किंवा त्या मुद्द्यावर गप्प असेल, तर कायद्यातले नियम लागू होतात. पुढे आम्ही तेच सांगत आहोत.

निवृत्ती की विसर्जन?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. निवृत्तीत एकजण बाहेर पडतो आणि बाकीचे फर्म पुढे चालवतात. विसर्जनात फर्मच संपते. दोनच भागीदार असतील आणि एक गेला, तर फर्म आपोआप संपते, कारण एकट्या माणसाची भागीदारी होत नाही.

भागीदारी किती वर्षांची आणि कशी संपेल हे ठरलेले नसेल, तर वकील तिला 'पार्टनरशिप ॲट विल' म्हणतात. आपल्या घरगुती फर्म बहुधा याच प्रकारच्या असतात. अशा फर्ममध्ये कोणाच्या परवानगीची गरज नसते. बाकीच्या सर्व भागीदारांना लेखी नोटीस दिली की निवृत्त होता येते, किंवा फर्म विसर्जित करता येते. नोटिशीत यापैकी नेमके काय हवे ते स्पष्ट लिहावे. विसर्जनाच्या नोटिशीत तारीख लिहिली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नोटीस पोहोचल्यापासून फर्म संपते. तोंडी सांगणे किंवा दुकानात येणे बंद करणे याला नोटीस म्हणत नाहीत. मुदत ठरलेली असेल तर मात्र निवृत्तीसाठी सर्वांची संमती किंवा डीडमधली सोय लागते.

आपला हिस्सा म्हणजे काय?

"चार माग माझे, ते मी उचलून नेतो," असे कोणी म्हणाले तर कायदा ते मानत नाही. फर्मच्या पैशातून घेतलेली किंवा फर्मच्या मालकीत आणलेली वस्तू सगळ्या फर्मची असते. सर्वोच्च न्यायालयाने अडंकी नारायणप्पा या खटल्यात हे तत्त्व मांडले आहे: बाहेर पडणाऱ्याचा हक्क कुठल्या एका वस्तूवर नसतो, देणी फेडून उरलेल्या रकमेतल्या हिश्श्यावर असतो. मात्र जागा एखाद्या भागीदाराची खासगी असेल आणि फर्म ती फक्त वापरत असेल, तर ती जागा त्याचीच राहते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मालेगावात यंत्रमागाची फर्म आहे. थोरल्या भावाचे भांडवल 8 लाख, धाकट्याचे 4 लाख आणि मेव्हण्याचे 4 लाख. नफा तिघांत सारखा. शिवाय थोरल्याने फर्मला 2 लाख उसने दिले आहेत. आता धाकट्याला बाहेर पडायचे आहे. आजच्या बाजारभावाने माग 14 लाखांचे, सूत आणि कापड 5 लाखांचे, येणे 5 लाख, बँकेत 2 लाख. एकूण 26 लाख.

धाकट्याला वाटते की 26 लाखांचा तिसरा हिस्सा, म्हणजे साडेआठ लाखांच्या वर आपले. पण कायद्याच्या कलम 48 मध्ये क्रम ठरलेला आहे:

1. आधी बाहेरच्यांची देणी. सूतवाल्यांचे 5 लाख दिले, उरले 21 लाख.
2. मग भागीदाराने दिलेली उसनवारी. थोरल्याचे 2 लाख परत, उरले 19 लाख.
3. मग भांडवल. 8, 4 आणि 4 मिळून 16 लाख परत, उरले 3 लाख.
4. उरलेले नफ्याच्या प्रमाणात. प्रत्येकी 1 लाख.

म्हणजे धाकट्याचे होतात 5 लाख. पैसे कमी पडले असते तर तुटही तिघांनी नफ्याच्याच प्रमाणात सोसायची असती.

खरा वाद किमतीवरून होतो. समजा घसारा लावून वहीत मागांची किंमत 9 लाखच लिहिली आहे. त्या आकड्याने हिशेब केला तर देणी आणि उसनवारी फेडून 14 लाख उरतात, म्हणजे भांडवलात 2 लाखांची तूट. मग धाकट्याला 3 लाख 33 हजार मिळतात. एका आकड्याने 1 लाख 67 हजारांचा फरक पडला. म्हणून डीडमध्ये वहीची किंमत ठरलेली नसेल, तर बाजारभावाने मूल्यांकन मागा, आणि ते दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या माणसाकडून करून घ्या. धंद्याच्या नावाला म्हणजे गुडविलला किंमत असेल, तर तीही हिशेबात येते.

पैसे अडकवून धंदा चालूच ठेवला तर?

"पुढच्या सीझनला देऊ" असे म्हणत वर्ष-दीड वर्ष जाते, आणि धाकट्याचे 5 लाख धंद्यातच फिरत राहतात. यासाठी कलम 37 आहे. वेगळा करार नसेल, तर हिशेब पुरा होईपर्यंत बाहेर पडलेल्याला दोनपैकी एक निवडता येते: आपल्या हिश्श्याच्या वापरातून झालेल्या नफ्यातला वाटा, किंवा हिश्श्यावर वर्षाला 6 टक्के व्याज. 5 लाखांवर ते वर्षाला 30 हजार होते. निवड त्याची असते. व्याज नको असलेल्यांसाठी नफ्याचा मार्ग कायद्यातच खुला आहे, हे आपल्या अनेकांना ठाऊक नसते. मात्र हा वाटा पूर्वीचा तिसरा हिस्सा असेलच असे नाही. त्याच्या पैशामुळे झालेला नफाच त्यात धरतात, बाकीच्यांच्या मेहनतीचा भाग धरत नाहीत.

फर्म रजिस्टर नसेल तर?

"रजिस्ट्रेशन नाही, कोर्टात जाताच येणार नाही," असे सांगून अनेकांना गप्प बसवतात. ते अर्धेच खरे आहे. चालू फर्मवर करारातल्या हक्कासाठी दावा करताना रजिस्ट्रेशनची अडचण येते. पण फर्म विसर्जित करण्यासाठी किंवा विसर्जित फर्मचा हिशेब मागण्यासाठी दावा करता येतो. महाराष्ट्राने 1984 च्या दुरुस्तीने हा मार्गही जवळजवळ बंद केला होता. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये घटनाबाह्य ठरवली. म्हणून रजिस्टर नसलेल्या फर्ममध्ये निवृत्तीपेक्षा विसर्जनाची नोटीस बहुधा सुरक्षित ठरते. हिशेबाचा दावा विसर्जनापासून 3 वर्षांच्या आत करावा लागतो. घरच्या बैठका चालू असल्या तरी ही मुदत थांबत नाही.

पैसे मिळाले तरी एक काम उरते. बाहेर पडल्याची जाहीर सूचना राजपत्रात आणि जिल्ह्यात चालणाऱ्या एका स्थानिक भाषेच्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. फर्म रजिस्टर असेल तर रजिस्ट्रारलाही कळवावे लागते. हे केले नाही, तर तुम्हाला भागीदार समजून उधार देणारा सूतवाला उद्या तुमच्याकडेही पैसे मागू शकतो. आणि जुन्या देण्यांची जबाबदारी सूचनेने संपत नाही. ती संपवायची तर देणेकऱ्यांची आणि उरलेल्या भागीदारांची संमती घ्या, आणि हिशेबाच्या कागदावर सर्वांच्या सह्या घेऊनच उठा.