तापीच्या दोन वाटा : पाला आणि अहीर

मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या उत्तरेला सोनगीरचा किल्ला लागतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले हे गाव अवर्षणाच्या पट्ट्यातले. येथून समुद्राची आठवण सहसा कोणाला होत नाही. परंतु या परिसरात पडणारे पावसाचे पाणी पांझरा आणि आजूबाजूच्या ओढ्यांवाटे तापीलाच मिळते. मुडावदजवळ, कपिलेश्वराच्या मंदिरापाशी पांझरेचा तापीशी संगम होतो आणि तेथून अंदाजे तीनशे किलोमीटरचा प्रवास करून हे पाणी सुरतेखाली अरबी समुद्रात जाते. पाणी खाली जाण्याच्या या एकाच मार्गाकडे निसर्गाने दोन प्रकारच्या माशांना अगदी उलट्या कामासाठी बोलावले. एक जन्मासाठी नदीत येतो आणि जगण्यासाठी समुद्रात जातो; दुसरा जन्मतो समुद्रात आणि आयुष्य काढतो नदीत.

पहिला म्हणजे पाला. बंगाली माणूस ज्याला इलिश म्हणून डोक्यावर घेतो, तोच हा मासा. मराठीत त्याला भिंग असेही नाव आहे. परदेशातील सामन माशाशी त्याचे नाते नाही. तो हेरिंगच्या कुळातला. पण जीवनक्रम मात्र सामनसारखाच. दुसरा म्हणजे अहीर, गोड्या पाण्यातील खरा ईल. अहिराणी बोलणाऱ्या मुलखात हे नाव ऐकून कोणाला गंमत वाटेल. नावसारखेपणापलीकडे मात्र त्यात काही शोधण्याचे कारण नाही. अहीर आणि बाजारात 'वाम' म्हणून मिळणारा नदीतील लांबट मासा यांत पुष्कळदा गल्लत होते. वामीच्या पाठीवर सुट्या टोकदार काट्यांची ओळ असते आणि तोंड सोंडेसारखे पुढे आलेले असते. अहिराला असे काटे नसतात. पाठीवरचा, शेपटीचा आणि पोटाखालचा पर एकसलग झालेला असतो. वाम गोड्या पाण्यातच अंडी घालते, अहीर कधीच नाही. म्हणूनच धरणाचे बरे-वाईट परिणाम या दोघांवर सारखे होत नाहीत.

पावसाळ्यात नदीला पूर आला, गढूळ गोड्या पाण्याचा लोंढा खाडीत पसरला, की पाला समुद्र सोडून प्रवाहाविरुद्ध चढू लागतो. मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी देते. ती पाण्याबरोबर वाहत राहतात आणि साधारण एका दिवसात फुटतात. पिल्ले काही महिने नदीत वाढून समुद्राकडे उतरतात. पाल्याला वर जाण्याची दिशा मुख्यतः प्रवाहच देतो. पाण्याचा जोर अंगावर घेत त्याच्या उगमाकडे तोंड करून पोहणे ही त्याची वृत्ती आहे आणि खारटपणा कमी होत जाणे ही खूण. परंतु तो नेमका आपल्याच जन्मनदीत परततो काय, हे सामनइतक्या ठामपणे सिद्ध झालेले नाही.

सामनच्या बाबतीत ते सिद्ध झाले त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील आर्थर हॅसलर हे एकदा उटाहमधील डोंगरात चालत असताना ओळखीच्या धबधब्याजवळ आले. धबधबा अजून दिसतही नव्हता, पण शेवाळ आणि रानफुलांचा वास येताच त्यांना बालपण आठवले. माशालाही असेच होत असेल काय, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी आणि वॉरन विस्बी यांनी वॉशिंग्टन राज्यातील इसाक्वा ओढ्याच्या दोन फाट्यांवर परतलेले सुमारे तीनशे सामन पकडले. निम्म्यांच्या नाकपुड्या बंद केल्या आणि सर्वांना संगमाच्या खाली नेऊन सोडले. नाक मोकळे असलेले बहुतेक मासे आपापल्या फाट्यावर बिनचूक परतले. नाक बंद असलेल्यांची निवड मात्र गडबडली. पुढे १९७०च्या दशकात मिशिगन सरोवरात आणखी पक्का पुरावा मिळाला. लहान पिल्लांना काही आठवडे मॉर्फोलिन या रसायनाच्या अत्यंत विरळ वासात वाढवले, आणि दीड वर्षानंतर एका ओढ्यात तेच रसायन सोडताच ते मासे नेमके त्याच ओढ्यात शिरले. वासाचा हा ठसा समुद्राकडे उतरण्याच्या काळात उमटतो.

पण वास फार दूरवर पोहोचत नाही. हजारो किलोमीटर दूरच्या समुद्रातून किनारा गाठण्यासाठी सामन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेतो. कॅनडातील फ्रेझर नदीत परतणारे सॉकाय सामन व्हँकुव्हर बेटाला उत्तरेकडून वळसा घालतात किंवा दक्षिणेकडून. ५६ वर्षांच्या मासेमारीच्या नोंदी तपासता असे दिसले, की चुंबकीय क्षेत्र हळूहळू सरकत जाते तशी माशांची ही निवडही बदलते. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे दूरच्या प्रवासाला होकायंत्र आणि घराजवळ आल्यावर नाक, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे.

अहिराचे कोडे याहून अवघड आहे, कारण त्याला घरच नसते. त्याचे आईबाप कोणत्या नदीत वाढले याच्याशी पिल्लाचा काही संबंध उरत नाही. युरोपातील ईल कोठे जन्मतात याचा छडा लावण्यासाठी डेन्मार्कचे योहानेस श्मिट १९०४पासून समुद्रातील पारदर्शक, पानासारखी चपटी ईल-अर्भके गोळा करत होते. जेथे अर्भके सर्वांत लहान तेथे जन्मस्थान जवळ, हा त्यांचा साधा पण चिकाटीचा तर्क. १९२२पर्यंत ते अटलांटिकमधील सरगॅसो समुद्रापर्यंत येऊन पोहोचले. मोठे ईल तेथे जाताना प्रत्यक्ष दिसावे यासाठी मात्र आणखी शंभर वर्षे लागली. उपग्रहाशी जोडलेली यंत्रे लावलेले अझोर्स बेटांवरचे ईल तेथे पोहोचल्याचे २०२२मध्ये प्रसिद्ध झाले. जपानी ईलची अंडी कात्सुमी त्सुकामोतो यांच्या पथकाला २००९मध्ये मारियाना बेटांच्या पश्चिमेस, अमावास्येच्या सुमारास सापडली. आपल्या अहिराची अंडी मात्र अजून कोणालाही मिळालेली नाहीत. हिंद महासागरात, बहुधा सुमात्राच्या पश्चिमेकडील खोल पाण्यात त्याचे जन्मस्थान असावे असा तर्क आहे. तर्कच, पुरावा नव्हे.

समुद्रप्रवाहांवर वाहत किनाऱ्याशी आलेले अर्भक काचेसारखे पारदर्शक सूत्र बनते. एवढ्याशा जिवाला प्रवाहाविरुद्ध पोहून नदी गाठणे शक्य नाही. म्हणून ते भरतीची पाठ धरते. भरती सुरू झाली की वर येते आणि पाण्याबरोबर खाडीत शिरते. ओहोटी लागली की तळाशी जाऊन वाळूत दडते. फुकटचा प्रवास आणि परतीचे भाडे नाही. खंभातच्या आखातासारख्या जबर भरती-ओहोटीच्या ठिकाणी ही युक्ती किती उपयोगी पडेल हे सहज समजते. खाडीत आल्यावर गोड्या पाण्याचा मातकट वास त्याला वर ओढतो. तो वास कोणत्या नदीचा, याला महत्त्व नसते.

नदीत वाढलेला अहीर अनेक वर्षांनी बदलू लागतो. पोट चंदेरी होते, डोळे मोठे होतात, आतडे आकसते आणि खाणे थांबते. पुढचा सारा प्रवास साठवलेल्या चरबीवर करायचा असतो. पावसाळ्यातील अंधाऱ्या रात्री, पूर चढला की तो प्रवाहाबरोबर खाली निघतो, आणि अंडी घालून मरतो. आयुष्यातील हा उतार एकदाच येतो.

या दोघांच्या वाटेत तापीवर आडवे आले ते प्रथम काकरापारचा बंधारा आणि मग १९७२मध्ये पूर्ण झालेले, सुमारे ८० मीटर उंचीचे उकाई धरण. त्याच्या वर आपल्या धुळे-नंदुरबारच्या हद्दीत प्रकाशा, सारंगखेडा आणि सुलवाडे येथे बंधारे झाले. पाला उडी मारत नाही. सामनसाठी बांधलेल्या शिड्या त्याच्या उपयोगाच्या नाहीत, शिवाय हात लागताच त्याचे खवले गळतात आणि तो दगावतो, म्हणून पकडून वर नेणेही कठीण. गंगेवर १९७५मध्ये फरक्का बंधारा सुरू झाल्यावर वरच्या अंगाचा पाला जवळजवळ संपला, हा अनुभव समोर आहे.

पण उकाईत एक अनपेक्षित गोष्ट घडली. धरणाच्या वर अडकलेल्या पाल्याने जलाशयात आपली वस्ती टिकवल्याच्या नोंदी मत्स्यशास्त्रज्ञांनी केल्या आहेत. हा जलाशय नंदुरबार जिल्ह्यापर्यंत पसरलेला असल्याने ही कथा खानदेशाचीही आहे. असा मासा खरोखर कधी समुद्रात गेला नाही हे ओळखायचे कसे? माशाच्या कानातील चुनखडीच्या खड्याला झाडाच्या खोडासारखी वलये असतात. समुद्राच्या पाण्यात स्ट्राँशियम जास्त, गोड्या पाण्यात सहसा कमी. तेच प्रमाण वलयांत उतरते. खडा कापून मध्यापासून कडेपर्यंत हे प्रमाण मोजले की माशाने आयुष्य कोठे काढले ते वाचता येते. याच पद्धतीने जपानी ईलपैकी काही नदीत कधी शिरतच नाहीत, खाडीत किंवा समुद्रातच राहतात, हेही १९९०च्या दशकात उघड झाले.

अहिराचा अडथळा दुहेरी आहे. वर चढताना तो पाल्याहून सरस ठरतो. बोटभर लांबीचे पिल्लू ओल्या भिंतीला चिकटून, सरपटत चढते. अंग हलके असेपर्यंत पाण्याचा पातळ थर त्याला धरून ठेवतो. वजन वाढले की ही शक्ती जाते. म्हणून युरोपात ईलसाठी शिडीऐवजी ब्रशासारखे केस बसवलेली, पाणी ठिबकत राहणारी उतरती पन्हाळ लावतात. ती स्वस्त असते. मात्र ८० मीटरच्या भिंतीला ती एकटी पुरेशी नाही. तळाशी पिल्ले गोळा करून वर सोडावी लागतात.

खाली येण्याचा प्रश्न त्याहून बिकट. जलाशयात प्रवाह मंदावतो आणि प्रवाह हीच तर उतरत्या अहिराची वाटदर्शक. मग तो पाणी जिकडे ओढले जाते तिकडे, म्हणजे वीजगृहाच्या तोंडाकडे वळतो. लांब अंगाचा मासा फिरत्या पात्यांतून जाताना आखूड माशापेक्षा अधिक वेळा सापडतो. परदेशात यावर एक उपाय करतात तो असा, की उतरण्याच्या मोजक्या रात्री, पूर आणि अंधार जुळले असता, जनित्रे थांबवायची आणि सांडव्याचे दार उघडे ठेवायचे.

येथे पाला आणि अहीर यांच्यातील फरक पुन्हा पुढे येतो. जन्मनदीवर निष्ठा असणाऱ्या माशाची नदी तुटली तर त्या नदीचा वंश थांबतो आणि मासेमाराला ते काही वर्षांत कळते. अहिराचे तसे नाही. तापीतून एकही मादी समुद्रात पोहोचली नाही, तरी कोकणातल्या किंवा पूर्व किनाऱ्यावरच्या नद्यांतून उतरलेल्या माद्यांची पिल्ले भरतीबरोबर तापीच्या मुखाशी येऊ शकतात. त्यामुळे धरणाखाली अहीर दिसत राहतो आणि सारे ठीक आहे असे वाटते. प्रत्यक्षात ती नदी केवळ घेत असते, परत काही देत नसते. आणि अशा नद्या वाढल्या की घट एका ठिकाणी न दिसता सर्वत्र थोडी थोडी होते. युरोपात १९८०नंतर किनाऱ्याशी येणाऱ्या काचपिल्लांची संख्या कोसळली, तेव्हा ती सर्व देशांत एकदमच कोसळली.