रेल्वेगाडीच्या डब्यांच्या संख्येतील व क्रमातील बदल

रेल्वेगाडीच्या डब्यांच्या संख्येतील व क्रमातील बदल ही भारतीय रेल्वेच्या प्रवासी वाहतुकीतील एक नियमित प्रक्रिया आहे. प्रवाशांची मागणी, डब्यांची उपलब्धता, फलाटाची लांबी आणि डब्यांची तांत्रिक स्थिती यांनुसार गाडीला डबे जोडले जातात किंवा काढले जातात. त्यामुळे एकाच गाडीतील एकच डबा वेगवेगळ्या दिवशी फलाटावर वेगवेगळ्या ठिकाणी उभा राहू शकतो. मार्गातील जंक्शनवर गाडीची दिशा उलटत असेल, तर डब्यांचा संपूर्ण क्रमच उलटा होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदा रोड स्थानक ज्या दौंड–मनमाड मार्गावर आहे, तेथे हे दोन्ही बदल एकत्र पाहावयास मिळतात.

## रेक व डब्यांचा क्रम

गाडीच्या एकत्र जोडलेल्या डब्यांच्या संचास *रेक* म्हणतात. लांब पल्ल्याच्या दैनिक गाडीस एक रेक पुरत नाही. पहिला रेक गंतव्य स्थानकावर जाऊन परत येईपर्यंत रोज सुटणाऱ्या पुढील गाड्यांसाठी आणखी रेक लागतात. एखाद्या गाडीसाठी पाच रेक लागत असतील, तर तिला एक डबा कायमस्वरूपी वाढविण्यासाठी पाच डबे आणि दुरुस्तीच्या काळात वापरावयाचे राखीव डबे उपलब्ध असावे लागतात. तात्पुरत्या वाढीस मात्र एका रेकसाठी एकच डबा पुरतो. त्या रेकच्या जाण्याच्या व परतीच्या फेरीपुरता तो जोडला जातो. म्हणूनच तात्पुरत्या वाढीच्या घोषणेत दोन्ही दिशांच्या तारखा सहसा वेगवेगळ्या असतात.

रेकमधील डब्यांचा क्रम ठरलेला असतो. दोन्ही टोकांना सामान व गार्डचा डबा किंवा वीजनिर्मितीचा डबा (पॉवर कार), त्यांच्या लगत अनारक्षित सामान्य डबे आणि मध्यभागी आरक्षित डबे, अशी रचना सर्वसाधारणपणे आढळते. वातानुकूलित डबे सलग ठेवले जातात. त्यामुळे त्यांतील प्रवाशांना व कर्मचाऱ्यांना एका डब्यातून दुसऱ्या डब्यात ये-जा करणे सोयीचे होते. वाढीव शयनयान डबा शयनयान डब्यांच्या गटात आणि वाढीव वातानुकूलित डबा त्याच्या गटात जोडण्याकडे कल असतो. नवा डबा अनेकदा गाडीच्या मध्यभागी येतो आणि त्याच्या मागील सर्व डबे एकेक स्थान मागे सरकतात, याचे मूळ या रचनेत आहे.

## डबे वाढविण्याची प्रक्रिया

दिवाळी, उन्हाळी सुट्टी किंवा यात्राकाळात एखाद्या गाडीची प्रतीक्षा यादी वाढू लागली की वाणिज्य विभाग तिचा वर्गनिहाय आढावा घेतो. निर्णय मात्र त्या गाडीचा रेक ज्या क्षेत्रीय रेल्वेच्या मालकीचा आहे, तिच्याकडून घेतला जातो. उदाहरणार्थ, वास्को द गामा ते हजरत निजामुद्दीन धावणारी गोवा एक्सप्रेस दौंड–मनमाड मार्गाने मध्य रेल्वेच्या हद्दीतून जाते. परंतु ती दक्षिण पश्चिम रेल्वेची गाडी आहे. मधल्या स्थानकांवरील गर्दी कितीही असली, तरी तेथे परस्पर डबा जोडला जात नाही.

मंजुरी मिळाल्यावर वाढीव डबा संगणकीय आरक्षण प्रणालीत नोंदविला जातो. आधुनिक एलएचबी शयनयान डब्यात ८०, तर वातानुकूलित तीन स्तरीय डब्यात ७२ शायिका असतात. एक शयनयान डबा वाढल्यास शयनयान वर्गाची प्रतीक्षा यादी पुढे सरकते, पण वातानुकूलित वर्गाच्या यादीत त्यामुळे थेट फरक पडत नाही. नव्या डब्यास पुढचा नेहमीचा क्रमांक मिळतो किंवा तो अतिरिक्त असल्याचे दाखविणारे SE1 (शयनयान) अथवा BE1 (वातानुकूलित तीन स्तरीय) असे नाव दिले जाते. गाडी सुटण्याच्या काही तास आधी आरक्षण तक्ता तयार होतो. प्रतीक्षा यादीतील अनेक प्रवाशांना आपला डबा व शायिका तेव्हाच कळते.

प्रत्यक्ष जोडणी गाडीच्या मूळ स्थानकाजवळील देखभाल यार्डात केली जाते. मध्यभागी डबा घालण्यासाठी रेक तोडून पुन्हा जोडावा लागतो. त्यानंतर ब्रेकची हवा शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचते की नाही, याची चाचणी आवश्यक असते. जुन्या आयसीएफ पद्धतीच्या आणि एलएचबी पद्धतीच्या डब्यांची जोडणी वेगळी असल्याने नेहमीच्या वाढीसाठी त्याच प्रकारचा डबा मिळणे आवश्यक ठरते. मागणी असूनही योग्य प्रकारचा डबा यार्डात नसणे, हे वाढ न होण्याचे एक प्रमुख कारण आहे.

## लांबीची मर्यादा

एलएचबी डब्याची जोडणीसह लांबी सुमारे २४ मीटर असते. बावीस डब्यांची गाडी ५२८ मीटर लांब होते. इंजिन धरल्यास ही लांबी सुमारे ५५० मीटरवर जाते. एवढी लांब गाडी फलाटावर, तसेच दुसऱ्या गाडीस वाट देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बाजूच्या लूप मार्गावर सामावली पाहिजे. या कारणांमुळे एलएचबी गाड्यांसाठी २२ डबे ही प्रचलित मर्यादा आहे. गाडी आधीच २२ डब्यांची असेल, तर एका वर्गाचा डबा वाढविण्यासाठी दुसऱ्या वर्गाचा डबा काढावा लागतो.

आयसीएफ डबे आखूड असल्याने त्यांच्या गाड्या २४ डब्यांपर्यंत धावत. आयसीएफ शयनयान डब्यात ७२ शायिका असतात. असे ११ डबे काढून १० एलएचबी डबे लावल्यास शायिकांची संख्या ७९२ वरून ८०० होते. डब्यांची संख्या घटली म्हणजे जागा घटल्या, असे प्रत्येक वेळी नसते.

## श्रीगोंदा रोड येथील उदाहरण

दौंड–मनमाड रेल्वेमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी व विसापूर ही स्थानके या मार्गावर आहेत. मनमाडकडील मार्ग दौंड जंक्शनला पुण्याच्या बाजूने मिळतो. त्यामुळे सोलापूरकडून येऊन मनमाडकडे जाणारी गाडी दौंडहून सरळ पुढे जाते. पुण्याहून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीस मात्र जंक्शनवर थांबून आल्या दिशेने परतावे लागते. त्यासाठी इंजिन सोडवून गाडीच्या दुसऱ्या टोकास लावले जाते आणि शेवटचा डबा पहिला होतो. पुढे पुणे व मनमाड या बाजूंना थेट जोडणारा मार्ग आणि त्यावर दौंड कॉर्ड लाइन हे स्थानक झाले. या मार्गाने जाणाऱ्या गाडीचे इंजिन बदलावे लागत नाही व डब्यांचा क्रमही उलटत नाही.

उदाहरणादाखल पुण्याहून मनमाडकडे निघालेल्या १८ डब्यांच्या एलएचबी गाडीचा पुढील क्रम घेता येईल. इंजिनामागे सामान व गार्डचा एक डबा, दोन सामान्य डबे, S1 ते S6 हे सहा शयनयान डबे, B1 ते B4 हे चार वातानुकूलित तीन स्तरीय डबे, A1 व A2, पुन्हा दोन सामान्य डबे आणि अखेरीस पॉवर कार. यात S1 इंजिनापासून चौथा व B2 अकरावा आहे.

गाडी कॉर्ड मार्गाने गेल्यास श्रीगोंदा रोडला हाच क्रम राहतो. ती दौंड जंक्शनवर उलटल्यास क्रम दुसऱ्या टोकापासून मोजावा लागतो. एकूण डब्यांतून जुने स्थान वजा करून एक मिळविल्यास नवे स्थान मिळते. S1 साठी १८ − ४ + १ = १५, म्हणजे तो पंधरावा होतो. इंजिन त्याच जागी थांबले असे धरल्यास हा फरक ११ डब्यांचा, म्हणजे सुमारे २६४ मीटरचा आहे. B2 मध्याजवळ असल्याने अकराव्याऐवजी आठवा होतो. फरक ७२ मीटरचा राहतो. टोकाजवळील डब्यांच्या प्रवाशांना दिशाबदल अधिक जाणवतो तो यामुळेच.

आता S6 नंतर S7 हा वाढीव डबा जोडला, तर गाडी १९ डब्यांची होते. कॉर्ड मार्गाने S1 ते S6 यांचे स्थान बदलत नाही. B2 मात्र बारावा होतो, म्हणजे सुमारे २४ मीटर मागे सरकतो. गाडी जंक्शनवर उलटली असेल, तर B2 चे स्थान १९ − १२ + १ = ८ असे पूर्वीप्रमाणेच राहते, कारण वाढीव डबा त्याच्या मागे गेलेला असतो. तेव्हा सरकतात ते शयनयान डबे. S1 पंधराव्याऐवजी सोळावा होतो. वाढीव डबा ज्या डब्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये येतो, त्याच डब्याचे स्थान बदलते, असा नियम यातून मिळतो.

## डबा वगळणे व बदली डबा

मागणीखेरीज तांत्रिक बिघाडामुळेही डबा काढला जातो. चाकाचा सपाट झालेला भाग, तापलेली धुरापेटी किंवा ब्रेकमधील दोष आढळल्यास डबा ‘सिक’ ठरवून वेगळा केला जातो. बदली डबा मिळाल्यास तो जुन्याच नावाने चालविला जातो. पण तो वेगळ्या प्रकारचा असल्यास शायिकांची संख्या जुळत नाही. ८० शायिकांच्या डब्याऐवजी ७२ शायिकांचा डबा आल्यास ७३ ते ८० क्रमांकांच्या प्रवाशांना अन्यत्र जागा द्यावी लागते. प्रवाशाला खालच्या वर्गातून प्रवास करावा लागल्यास तिकीट तपासनिसाच्या प्रमाणपत्राच्या आधारे भाड्यातील फरकाचा परतावा मागता येतो.

## स्थान ओळखण्याची साधने व त्यांच्या मर्यादा

मोठ्या स्थानकांवरील डबादर्शक फलक, उद्घोषणा, १३९ हा चौकशी क्रमांक आणि NTES ही गाडी चौकशी प्रणाली यांवरून डब्याच्या स्थानाची माहिती मिळते. यांपैकी नेहमीच्या रचनेवर आधारलेली माहिती ऐनवेळच्या बदलानंतर चुकीची ठरू शकते. मूळ स्थानकावरील क्रम मार्गात उलटलेला असल्यास तोही पुढील स्थानकास लागू पडत नाही. लहान स्थानकावर थांबा थोडा असतो आणि गाडी फलाटापेक्षा लांब असल्यास टोकाचे डबे फलाटाबाहेर राहतात. अशा ठिकाणी गाडी आत येताना इंजिनालगतचे पहिले काही डबे पाहिल्यास क्रम सरळ आहे की उलटा, हे समजते. वरील उदाहरणात सुरुवातीच्या सामान्य डब्यांमागून S1 आला तर क्रम सरळ असतो. A2 आला तर तो उलटलेला असतो.