आयपीएस आलं कुठून?

लॅपटॉपच्या दुकानात 'आयपीएस आहे, रंग एकदम खरे' असं सांगतात. यातलं पहिलं बहुधा खरं असतं, दुसरं असेलच असं नाही. का, ते या पडद्याच्या कुळात शिरल्यावर कळतं.

मूळपुरुष टीएन. 1970 मध्ये बाझेलच्या हॉफमन-ला रोश कंपनीत मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फरिख यांनी दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचे रेणू पीळ देऊन बसवले. वीज दिली की रेणू उभे राहतात, पीळ सुटतो आणि प्रकाश अडतो. घड्याळं-कॅल्क्युलेटरांना हे पुरेसं होतं. पण अर्धवट उभे राहिलेले रेणू वरून एक दिसतात, खालून दुसरे. म्हणून टीएन लॅपटॉपचं झाकण थोडं मागे लवलं की फोटोतल्या चेहऱ्याचे रंग पालटतात, सावल्या उजळ होतात.

त्यावर तोडगा असा निघाला की रेणू उभेच करायचे नाहीत. दोन्ही विद्युतअग्रं एकाच काचेवर ठेवायची, म्हणजे रेणू आडव्या पातळीतच फिरतील. जर्मनीत ग्युंटर बाउर यांनी या मांडणीवर काम केलं, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जपानच्या हिताचीने ती बाजारात आणली. हेच आयपीएस. बाजूने पाहिलं तरी रंग टिकू लागले, पण अग्रांनी वाट अडवल्यामुळे प्रकाश कमी बाहेर येऊ लागला. तेवढ्याच उजेडाला मागचा दिवा मोठा हवा, आणि तो बॅटरी खातो.

इथे मेख आहे. आयपीएस रंग कोनानुसार बदलू देत नाही, एवढंच. मुळात रंग किती गडद दिसणार, हे मागचा दिवा आणि रंगगाळण्या ठरवतात. स्वस्त पडद्यात गाळण्या फिक्या ठेवतात, कारण त्यातून उजेड जास्त येतो. माहितीपत्रकात '45% NTSC, 250 nits' असं लिहिलेलं दिसेल. sRGB चा आवाका NTSC च्या साधारण 72 टक्के असतो. 45 ला 72 ने भागा: sRGB चे जेमतेम 62 टक्के. अशा पडद्यावर डाळिंबी साडी विटकरी दिसते. साड्या ऑनलाइन विकणाऱ्याने यावर रंग जुळवू नयेत.

धाकटी पाती ओलेडची. कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी 1987 मध्ये तिची वाट दाखवली. इथे प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, त्यामुळे काळा खरा काळा आणि रंग भरदार. मात्र उजेड कमी करायला बरेच ओलेड पडदे ठिपके वेगाने चालू-बंद करतात. ते डोळ्याला दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. उजेड अगदी कमी करून पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल झपझप हलवा. एकीच्या जागी सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या, तर पडदा लुकलुकतोय.

तेव्हा दुकानात पॅनेलचं नाव विचारून थांबू नका. sRGB किती टक्के आणि निट किती, हे लेखी मागा. ओलेड घेणार असाल तर खिशात पेन्सिल ठेवा.