अपुऱ्या दिवसांच्या बाळाची दोन वये: लस कोणत्या वयाने, वाढ कोणत्या वयाने?

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला मुदतपूर्व किंवा अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. अशा बाळाला दोन वये असतात. जन्मतारखेपासून मोजलेले ते प्रत्यक्ष वय आणि प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेले ते सुधारित वय. बाळ हसते कधी, बसते कधी हे सुधारित वयाने पाहायचे असते. लसी मात्र प्रत्यक्ष वयानेच द्यायच्या असतात. या दोहोंची अदलाबदल झाली, तर ठीक वाढणारे बाळ मागे पडल्यासारखे वाटते, नाहीतर ज्या काळात त्याला डांग्या खोकल्याचा सर्वांत जास्त धोका असतो, त्याच काळात ते लसीविना राहते.

सुधारित वय कसे काढतात?

पूर्ण गर्भारपण ४० आठवड्यांचे धरले जाते. बाळ जितके आठवडे आधी जन्मले, तितके आठवडे त्याच्या प्रत्यक्ष वयातून वजा करायचे. वजाबाकी ४० मधून करायची, ३७ मधून नव्हे. ३७ ही फक्त 'मुदतपूर्व' ठरवण्याची सीमा आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या गावातले बाळ उदाहरण म्हणून घेऊ. प्रसूतीची अपेक्षित तारीख होती १८ मार्च २०२५ आणि बाळ जन्मले २१ जानेवारी २०२५ ला. मधले अंतर ५६ दिवसांचे, म्हणजे बरोबर ८ आठवडे. बाळ ३२ आठवड्यांचे आहे. २१ सप्टेंबरला ते आठ महिन्यांचे होईल, पण त्याचे सुधारित वय त्या दिवशी सहा महिने आणि तीन दिवस असेल.

'सातव्या महिन्यात झाले' एवढ्या माहितीवर हा हिशेब होत नाही, आठवडे लागतात. सर्वांत भरवशाची तारीख पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून मिळते. ती नसेल तर शेवटच्या पाळीची तारीख धरतात. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख दोन-तीन आठवडे इकडेतिकडे असू शकते. त्यामुळे पहिल्या सोनोग्राफीचा कागद आणि रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. प्रसूती मुंबईत आणि पुढचे लसीकरण गावी, असे कोकणात अनेक घरांत होते. तिथे हे दोन कागद नसतील, तर गावच्या आरोग्यसेविकेला बाळ किती आठवड्यांचे होते हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

लस प्रत्यक्ष वयानेच का?

आईच्या रक्तातली संरक्षक प्रतिपिंडे बाळाकडे मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत जातात. लवकर जन्मलेल्या बाळाला ती शिदोरी अपुरी मिळते, आणि त्याची फुप्फुसेही नाजूक असतात. म्हणजे ज्याला लसीची गरज जास्त, त्याच्याच लसीला उशीर करण्यात अर्थ नाही. शिवाय जन्मानंतर बाळाची प्रतिकारयंत्रणा बाहेरच्या जगाला तोंड देत शिकू लागते, त्यामुळे अशी बाळेही लसीला पुरेसा प्रतिसाद देतात. मात्राही पूर्णच द्यायची. वजन कमी म्हणून अर्धी मात्रा दिली, तर संरक्षण अपुरे राहते.

राष्ट्रीय वेळापत्रकानुसार पेंटाव्हॅलंट लस ६, १० आणि १४ आठवड्यांना असते. उदाहरणातल्या बाळासाठी त्या तारखा ४ मार्च, १ एप्रिल आणि २९ एप्रिल येतात. पहिली मात्रा प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्याही दोन आठवडे आधी आहे. 'अजून दिवसही भरले नाहीत आणि सुई?' असे घरच्यांना वाटणे साहजिक आहे, पण तारीख तीच बरोबर. सुधारित वयाने चालले, तर पहिली मात्रा २९ एप्रिलला पडेल, म्हणजे ज्या दिवशी तिसरी पूर्ण व्हायची त्या दिवशी. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लसही २१ ऑक्टोबरला द्यायची, १८ डिसेंबरला नव्हे. उशीर झालाच असेल, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेल्या मात्रा किमान चार आठवड्यांच्या अंतराने पूर्ण करतात.

याला थोडे अपवाद आहेत. जन्मतः दिली जाणारी बीसीजी आणि पोलिओची मात्रा बाळ अतिदक्षता कक्षात असेल, तर प्रकृती स्थिरावल्यावर किंवा घरी सोडताना देतात. हिपॅटायटिस बी लसीच्या बाबतीत मात्र वजन पाहिले जाते. आई त्या विषाणूची वाहक नसेल आणि बाळ दोन किलोपेक्षा कमी असेल, तर बालरोगतज्ज्ञ जन्मवेळची मात्रा पुढे ढकलू शकतात. आई वाहक असेल, तर वजन कितीही असो, लस लगेच द्यावी लागते. तेव्हा दिलेली ती मात्रा हिशेबात धरत नाहीत आणि पुढे तीन मात्रा पूर्ण करतात. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचा श्वास पहिल्या लसीनंतर मध्येच थांबण्याची शक्यता असते. असे बाळ त्या वेळी रुग्णालयातच असेल, तर लस तिथेच देऊन दोन-तीन दिवस लक्ष ठेवतात.

वाढीचे टप्पे सुधारित वयाने का?

मान धरणे, हसणे, बसणे हे मेंदू आणि स्नायू किती परिपक्व झाले यावर ठरते, आणि ही परिपक्वता गर्भधारणेपासूनच्या काळाशी बांधलेली असते. लवकर जन्म झाला म्हणून ती वेगाने होत नाही. माणसाकडे पाहून हसणे साधारण सहा ते आठ आठवड्यांना दिसते. उदाहरणातल्या बाळाकडून ते २९ एप्रिल ते १३ मेच्या सुमारास अपेक्षित धरावे. म्हणजे ज्या दिवशी त्याची तिसरी पेंटाव्हॅलंट होईल, त्याच सुमारास ते पहिल्यांदा हसेल. मार्चमध्ये हसत नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

हा हिशेब साधारणपणे दोन वर्षांपर्यंत करतात. दोन महिन्यांचा फरक सहाव्या महिन्यात मोठा असतो, पण दोन वर्षांच्या मुलात तो जवळजवळ मावळतो.

एक चूक मात्र वारंवार होते. दिवस पूर्ण भरूनही बाळाचे वजन दोन किलो असू शकते. अशा बाळाला काहीही वजा करायचे नाही. सवलत आठवड्यांची आहे, वजनाची नाही.

सुधारित वयाआड काय लपू नये?

'लवकर झाले आहे, होईल हळूहळू' हे वाक्य धीर देते आणि कधी धोकाही झाकते. सुधारित वयाने तीन महिने होऊनही बाळ हसत नसेल, चार महिने होऊनही मान सावरत नसेल, नऊ महिने होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, तर वाट पाहू नये. काही खुणांना वयाची वजावट लागूच होत नाही: पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येणे, एका वर्षाच्या आत एकच हात वापरणे, मोठ्या आवाजाला न दचकणे.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही जन्मतारखेवरून होते. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाची ती साधारण चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी. उदाहरणातल्या बाळासाठी ती तारीख १८ फेब्रुवारी. हा दोष उपचाराशिवाय वाढला, तर गेलेली दृष्टी परत येत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांच्या पथकाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस जन्मलेल्या कमी वजनाच्या मुलांचा अठरा वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. त्यांची सरासरी बुद्धिमत्ता सामान्य मर्यादेत होती, पण तुलनेच्या मुलांपेक्षा कमी. लवकर जन्मलेली आणि शिवाय गर्भातच वाढ खुंटलेली मुले सर्वांत मागे होती. त्यामुळे अशा बाळांवर लक्ष दोन वर्षांनंतरही ठेवावे लागते.

यासाठी सोपी सोय म्हणजे माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर जन्मतारखेशेजारी 'किती आठवडे आधी' हा आकडा पेनाने लिहून ठेवणे. लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविका जन्मतारीख पाहील, आणि आशा कार्यकर्ती किंवा डॉक्टर वाढ तपासताना शेजारचा आकडा.