‘तो’ची कुळकथा

खारघरच्या स्पॅनिश क्लासात तिसऱ्या दिवशी आमचं सगळ्यांचं एकाच ठिकाणी अडलं. ‘सोमवारी येतो’ म्हणायचं तर ‘एल लुनेस’, आणि ‘दर सोमवारी येतो’ म्हणायचं तर ‘लोस लुनेस’. ‘आज सोमवार आहे’ म्हणताना मात्र नुसतंच ‘लुनेस’. इंग्रजीच्या सवयीने आम्ही एल-लोस गाळत होतो आणि दर वाक्याला चूक निघत होती.

मग मी मराठीतच खूण शोधली. जिथे आपण ‘सोमवारी’ म्हणतो तिथे ते उपपद येतं, ‘आज सोमवार आहे’मध्ये येत नाही. ही खूण सगळीकडे चालत नाही. ‘सोमवार सुट्टीचा आहे’ यात आपला सोमवार मोकळाच असतो, पण वाक्याचा कर्ता असल्याने स्पॅनिशमध्ये त्याला ‘एल’ लागतं. भाषांचंही तसंच. स्पॅनिश सोपी आहे म्हणायला ‘एल एस्पान्योल’, पण मी स्पॅनिश बोलतो म्हणताना उपपद नाही. डोकं दुखतं तेव्हा ‘मे दुएले ला काबेसा’, म्हणजे शब्दशः ‘मला ते डोकं दुखतं’. कोणाचं ते ‘मला’नेच कळलं, मग ‘माझं’ कशाला? आपणही ‘हात धू’ म्हणतो, ‘तुझे हात धू’ म्हणत नाही.

गंमत म्हणजे ज्या लॅटिनमधून स्पॅनिश निघाली, तिला मराठीसारखंच उपपद नव्हतं. होता तो ‘इल्ले’, म्हणजे ‘तो, तिकडचा’. ‘एक राजा होता. तो राजा...’ यातला ‘तो’ जसा आधी सांगितलेल्याकडे बोट दाखवतो, तसाच हा. लॅटिन उतरणीला लागली तशी लोकांच्या तोंडी तो वाढत गेला आणि झिजत झिजत त्याचाच ‘एल’ झाला. पुढे एकमेव असलेल्या सूर्यालाही तो लागला, आणि शेवटी अख्ख्या जातीला : कॉफी आवडते म्हणतानाही ‘एल काफे’. इंग्रजीचं उपपदही दर्शक सर्वनामातूनच आलं, पण या शेवटच्या पायरीच्या अलीकडे थांबलं.

पोर्तुगीजमध्ये इल्लेची झीज इतकी झाली, की उरला एकच स्वर : पुल्लिंगी ‘ओ’, स्त्रीलिंगी ‘आ’. हा उरलेला तुकडा आमच्याच रायगड जिल्ह्यात आला. चौलच्या खाडीपलीकडच्या कोर्लईत पोर्तुगीजांच्या काळापासून त्यांच्या भाषेचं एक मिश्र रूप बोललं जातं. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे गेलं, पोर्तुगीज निघून गेले, पण भाषा मागे राहिली. आजूबाजूला मराठी, आणि मराठीत उपपदाला जागाच नाही. कोर्लईकरांनीही ‘ओ’ आणि ‘आ’ सोडून दिले. पोर्तुगीज माणूस ‘आ नॉसा लिंगुआ’ म्हणेल, म्हणजे ‘ती आपली भाषा’. कोर्लईत तिला नुसतं ‘नॉ लिंग’ म्हणतात.

नेमकं दाखवायचंच झालं तर त्यांच्याकडे ‘आक’ आहे, म्हणजे ‘तो’. तो आला पोर्तुगीज ‘आकेल’वरून, आणि आकेलच्या पोटात तोच जुना इल्ले आहे.