ब्रेकमधून वसूल केलेली शक्ती

फॉर्म्युला वनची गाडी ताशी ३२० किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्या अंगी, चालकासह सुमारे ७०० किलो वजन धरल्यास, पावणेतीन मेगाज्यूल गतिज ऊर्जा असते. आणि वळण जवळ येताच चालक जेव्हा अवघ्या दोन सेकंदांत तो वेग १०० वर आणतो, तेव्हा तीतला नऊ-दशांश भाग, थोडा हवेच्या रोधात आणि उरलेला ब्रेकच्या तबकड्यांत, उष्णता होऊन नाहीसा होतो. या बुडीत खात्यातून काही वसूल करावे, अशी मुभा स्पर्धेच्या नियमांनी २००९ च्या हंगामापासून दिली, आणि ‘केर्स’ नावाचे यंत्र जन्मास आले.

यंत्राचे तत्त्व साधे होते. इंजिनच्या मुख्य दंडाला जोडलेली विद्युत मोटर ब्रेक लागताच जनित्राचे काम करी, तिने निर्मिलेली वीज बॅटरीत साठे, आणि चालकाने स्टिअरिंगवरील बटण दाबताच तीच मोटर गाडीला पुढे रेटी. शक्ती ६० किलोवॅट आणि खर्च फेरीला ४०० किलोज्यूल, यापलीकडे जाण्याची परवानगी नव्हती. म्हणजे फेरीमागे पावणेसात सेकंदांहून किंचित कमी जोर. एवढ्यासाठी गाडीवर पंचवीस-तीस किलोंचा बोजा घ्यावा काय, याविषयी संघांत मतभेद होते; शिवाय २००८ च्या जुलैत हेरेझ येथे या यंत्राच्या चाचणीत बीएमडब्ल्यूच्या एका मेकॅनिकला गाडीस हात लावताच विजेचा धक्का बसल्याने भीतीही होती. परंतु २००९ च्या स्पा येथील शर्यतीत या बटणाचे मोल आपल्याकडच्या रसिकांस चांगलेच कळले. विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडिया संघाचा फिसिकेला अग्रस्थानावरून सुटला होता, पण त्याच्या गाडीत केर्स नव्हते. सेफ्टी कार बाजूला होताच फेरारीच्या रायकोनेनने चढाच्या लांब सरळ पट्ट्यावर साठवलेली वीज सोडून त्याला मागे टाकले, आणि अखेर एका सेकंदाहूनही कमी अंतराने शर्यत जिंकली.

खरे स्थित्यंतर २०१४ साली घडले. मोटरची शक्ती दुप्पट होऊन १२० किलोवॅट झाली, आणि टर्बोच्या दंडावर दुसरे जनित्र बसवून धुराड्यातून जाणाऱ्या उष्ण वायूंकडूनही वसुली करण्याची तजवीज झाली. बॅटरीतून मोटरला फेरीमागे चार मेगाज्यूल देता येत, मात्र ब्रेकमधून बॅटरीत दोनच मेगाज्यूल भरता येत. उरलेली भरपाई या दुसऱ्या जनित्राने करावयाची. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दोन सेकंदांच्या ब्रेकमध्ये १२० किलोवॅटची मोटर फार तर पाव मेगाज्यूल उचलते, म्हणजे वर सांगितलेल्या बुडिताचा जेमतेम दशांश. अडचण साठवणुकीची नसून वेळेची आहे.

तरीही हा दशांश नगण्य नव्हे, कारण जनित्र फिरवण्यास चाकांना जो जोर लावावा लागतो तोच मागच्या चाकांचा ब्रेक होतो. म्हणून पेडलवरील दाब मागच्या ब्रेकला थेट न देता मध्ये संगणकाची योजना आली. मोटर किती रोध घेते हे पाहून उरलेलाच भाग तो तबकड्यांच्या वाट्यास देई, आणि या भरवशावर संघांनी मागच्या तबकड्या लहान केल्या. या भरवशाची परीक्षा ८ जून २०१४ रोजी माँट्रियल येथे झाली. हॅमिल्टन आणि रोझबर्ग यांच्या दोन्ही मर्सिडीज गाड्या पुढे असताना, शर्यतीच्या मध्यावर, दोहोंच्या मोटरचे नियंत्रक अतितापाने जवळजवळ एकाच वेळी बंद पडले. सरळ रस्त्यावर सुमारे १६० अश्वशक्ती गेली, हे नुकसान उघड होते. पण दीर्घ सरळ पट्ट्यांच्या टोकाशी कडक ब्रेक मागणाऱ्या त्या मार्गावर मोटरच्या वाट्याचा सारा रोध लहान तबकड्यांवर येऊन पडला, ही हानी अधिक घातक ठरली. हॅमिल्टनचे मागचे ब्रेक तापून निकामी झाले व त्याला माघार घ्यावी लागली. रोझबर्गने ब्रेक जपत, वेग गमावत गाडी शेवटपर्यंत नेली, पण अखेरच्या काही फेऱ्यांत रिकार्डो त्याच्या पुढे गेला आणि आपला पहिला विजय मिळवून बसला. संघाच्या पडद्यावर आकडे दिसत होतेच, परंतु मोटर गेल्याची खूण पाहणाऱ्यासही कळण्यासारखी होती: गाडी सरळ पट्ट्यावर मंदावते आणि वळणापूर्वी नेहमीपेक्षा लवकर ब्रेक धरते.

२०२६ च्या नियमांनी टर्बोवरील जनित्र काढून टाकले. ते महाग आणि नाजूक होते, आणि नव्या कारखानदारांस त्याचे तंत्र अवघड वाटे. त्याऐवजी ब्रेकच्या मोटरची शक्ती ३५० किलोवॅट केली, मात्र बॅटरीतील वापरता येण्याजोगा साठा चार मेगाज्यूलच्या घरातच ठेवला. पूर्ण जोराने सोडल्यास हा साठा साडेअकरा सेकंदांत संपतो. धुराड्यातून येणारी भर आता थांबली आहे, त्यामुळे सरळ पट्ट्याच्या शेवटी चालकाने ब्रेकपूर्वीच पाय सैल करावा आणि इंजिन चालू असतानाच मोटरने त्यातून वीज काढून घ्यावी, असे प्रकार आता खेळाचाच भाग झाले आहेत.